तीनदा एंटर

गड्ड्याच्या यात्रेसाठी मी पुण्याहून सोलापूरला आले होते आणि परतीच्या आदल्या संध्याकाळी आईने लग्नाच्या आहेरासाठी १२ टॉवेल आणायला मला चाटी गल्लीत अण्णांच्या दुकानात पाठवले. अण्णा बाबांचे जुने स्नेही. त्यांचे वडील पूर्व भागात मागावर बसत. अण्णांनी माग सोडून दुकान थाटले, पण चादर हातात घेतली की ते आजही आधी तिची उलटी बाजू पाहतात. मी ज्या कंपनीत टेस्टर म्हणून काम करते तिचेच बिलिंग सॉफ्टवेअर त्यांच्या गल्ल्यावर आहे, आणि ते घेण्याचा आग्रह मीच दोन वर्षांपूर्वी धरला होता.

दुकानात गर्दी होती. यात्रेला बाहेरगावाहून आलेली माणसे जाताना चादर घेतल्याशिवाय जात नाहीत, त्यामुळे पोऱ्या सतत वरच्या फळीवरून गठ्ठे उतरवत होता. "बस की बाळ, एवढं गिऱ्हाईक झालं की तुझंच," असे म्हणून अण्णांनी गल्ल्याजवळचे स्टूल माझ्याकडे सरकवले. तिथून मला त्यांचा कळफलक आणि पडदा दोन्ही स्पष्ट दिसत होते. मी काही तपासायला आलेले नव्हते. आपण तपासलेली गोष्ट दुसरा माणूस रोजच्या घाईत कशी वापरतो, हे पाहण्याची संधी आम्हाला क्वचित मिळते, म्हणून मी नुसती पाहत राहिले.

समोर लातूरकडचे एक जोडपे होते. त्यांनी मोराच्या नक्षीची, डबल बेडची, जाड जॅकार्ड चादर निवडली होती. अण्णांच्या दुकानातला बहुतेक माल हजाराच्या आतला; ही मात्र त्यांनी मुद्दाम विणून घेतलेली असल्यामुळे तिच्या चिठ्ठीवर करासह ३,२०० रुपये लिहिलेले होते. घासाघीस झाली. बाईंनी २,५०० म्हटले, अण्णांनी मान हलवली, आणि शेवटी सगळे धरून २,८०० वर सौदा ठरला.

अण्णांनी बारकोड वाचला, 'करासह दर' या रकान्यात २८०० टाकले आणि एंटर मारला. मग पुन्हा एकदा मारला. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा मारताना त्यांनी चष्मा थोडा वर सरकवून कराच्या रकान्याकडे निरखून पाहिले, आणि मगच छपाईचे बटण दाबले.

"अण्णा, तीनदा का मारलात?"

"ते तसंच आहे ह्याच्यात," ते सहज म्हणाले. "मोठ्या मालाला एकदा मारलं की अठरा येतंय, परत मारलं की पाच, परत मारलं की अठरा. कधी कधी बोट थांबत नाही आणि पाचवरच राहतं, म्हणून मी तीन मोजतो आणि अठरावर सोडतो. सरकारचं कमी पडायला नको."

त्यांनी हे तक्रारीच्या सुरात सांगितले नव्हते. दाराची कडी जरा उचलून लावावी लागते, असे घरातला माणूस पाहुण्याला सांगतो, तसे त्यांनी सांगितले, आणि त्यामुळेच मला ते जास्त लागले. जो दोष आमच्या नोंदवहीत कुठेच नव्हता, त्याला या माणसाने आपल्या बोटांची सवय करून सांभाळून घेतले होते.

थर्मल प्रिंटरमधून निघालेले बिल मी गिऱ्हाइकाला देण्याआधी हातात घेतले. कागद अजून गरम होता. त्यावर करपात्र मूल्य २,३७२.८८, कर १८ टक्के, ४२७.१२, एकूण २,८०० असे छापले होते. बेरीज पैशापर्यंत बरोबर होती. तरीही ते बिल चुकीचे होते, आणि ते कुठे चुकले हे कळायला मला त्या आकड्यांकडे दोनदा पाहावे लागले.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कापडी तयार मालाचा नियम असा आहे की एका नगाचे विक्रीमूल्य २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के कर आणि त्याच्या वर गेले तर १८ टक्के. हे मूल्य कर सोडून धरायचे असते. बिलावर मूल्य २,३७२.८८ आहे, म्हणजे ते २,५०० च्या आत आहे. मग १८ टक्के लागूच होत नाहीत. बरे, ५ टक्के धरावेत तर २,८०० मधून कर वजा करून मूल्य २,६६६.६७ येते, म्हणजे ते २,५०० च्या वर जाते. मग ५ टक्के लागू होत नाहीत. दर ठरवायला मूल्य लागते आणि मूल्य काढायला दर लागतो, आणि या रकमेला दोघांचा मेळ कधीच बसत नाही. सॉफ्टवेअर प्रत्येक एंटरला आधीच्या मूल्यावरून नवा दर ठरवत होते आणि नव्या दराने पुन्हा मूल्य काढत होते, म्हणून ते अठरा आणि पाच यांच्यामध्ये झोके घेत होते.

मी अण्णांचा कॅल्क्युलेटर ओढला. २,५०० वर ५ टक्के म्हणजे २,६२५. २,५०० वर १८ टक्के म्हणजे २,९५०. करासह किंमत २,६२५ च्या पुढे गेली की २,९५० पर्यंत कुठलीही रक्कम घ्या, तिचे बरोबर बिल बनूच शकत नाही. आम्ही जिला रेषा समजत होतो तो ३२५ रुपयांचा पट्टा होता, आणि सौदा करणारी माणसे नेमकी तिथेच येऊन थांबत होती, कारण ३,२०० च्या चादरीला माणूस २,७०० म्हणतो, २,८०० म्हणतो, २,९०० म्हणतो.

ही चाचणी मीच लिहिली होती, हे मी इथे स्पष्ट सांगायला हवे. पूर्वी मर्यादा १,००० होती आणि वरचा दर १२ टक्के होता. तेव्हा मी ९९९, १,००० आणि १,००१ तपासले होते. नियम बदलला तेव्हा त्याच चाचण्यांत २,४९९, २,५०० आणि २,५०१ घातले आणि तिन्ही हिरव्या झाल्या. पण ते आकडे मी 'करपात्र मूल्य' या रकान्यात घातले होते. 'करासह दर' हा रकाना मी २,१०० आणि ३,५४० टाकून तपासला, कारण त्यांचे मूल्य नीट २,००० आणि ३,००० येते आणि पडताळणी पटकन होते. पट्टा जुन्या नियमातही होता, १,०५० पासून १,१२० पर्यंत, पण तो ७० रुपयांचाच असल्याने कुणाला ठेच लागली नसावी. सीमेवर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहायला आम्हाला शिकवतात. ती सीमा कोणत्या रकान्यात मोजायची, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता.

मी तिथूनच निखिलला फोन लावला. हा भाग त्यानेच लिहिला आहे. त्याने सगळे शांतपणे ऐकले आणि स्वतःच्या संगणकावर २८०० टाकून एंटर मारत राहिला. त्याचे आवाज मला फोनवर ऐकू येत होते.

"बरं, मग बरोबर उत्तर काय द्यायचं?" त्याने विचारले. "पाच की अठरा?"

"दोन्ही नाही. दर ठरवून मोकळं व्हायचं नाही. थांबायचं आणि सांगायचं की या रकमेचं बिल होत नाही. एकतर २,६२५ करा, नाहीतर २,९५० च्या वर जा. निर्णय दुकानदार घेईल."

"बिल अडवायचं? गर्दीत?"

"आत्ताही तो अडलेलाच आहे, निखिल. तीनदा एंटर मारतोय."

तो काही क्षण बोलला नाही, मग "नोंद टाक, मी आज रात्रीच बसतो," असे म्हणाला.

अण्णा आमचे बोलणे ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे मी अठरा भरत होतो ते चूक?"

मी बिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांना दोन ओळी लिहून दाखवल्या. २,८०० ला विकले आणि १८ टक्के भरले, तर हातात राहतात २,३७२.८८. तीच चादर २,६२५ ला विकली आणि ५ टक्के भरले, तर हातात राहतात पूर्ण २,५००. गिऱ्हाइकाचे १७५ रुपये वाचतात आणि दुकानाला १२७ रुपये १२ पैसे जास्त मिळतात.

अण्णांनी तो कागद उचलून डोळ्यांजवळ नेला. व्यापारात आयुष्य गेलेल्या माणसाला स्वस्त विकून जास्त मिळते, हे सहज पटत नाही. त्यांनी दोन्ही हिशेब कॅल्क्युलेटरवर स्वतः करून पाहिले. मग ड्रॉवरमधून दिवाळीपासूनची बिलांची फाइल काढून माझ्या मांडीवर ठेवली.

"असली किती आहेत बघ. उद्या सी.ए.कडे नेतो. पाचवर राहिलेलीही काढ, ती पण दाखवायला पाहिजेत."

मला त्या पहिल्या सात-आठ बिलांतच अशी तीन सापडली, दोन अठराची आणि एक पाचचे. त्या पाचच्या बिलाच्या दिवशी अण्णा जेवायला गेले होते आणि गल्ल्यावर पोऱ्या होता, असे त्यांना आठवले. त्याला तीन मोजायचे कुणी सांगितले नव्हते.

तोवर लातूरचे जोडपे पिशवी घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरले होते. अण्णा गादीवरून उठले आणि दारात जाऊन त्यांनी हाक मारली. "ओ पाहुणे, जरा मागे या. तुमचे पैसे द्यायचेत."

ते दोघे शंकेने परत आले. अण्णांनी हातातले बिल रद्द केले, चादर पुन्हा बारकोडखाली धरली आणि 'करासह दर' मध्ये २६२५ टाकले. एंटर मारला, अठरा आले. पुन्हा मारला, पाच आले, मूल्य २,५०० झाले. तिसऱ्यांदा मारला, पाच राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि चौथ्यांदा मारला.

"राहिलं की गं," ते म्हणाले, आणि गल्ल्यातून १७५ रुपये मोजायला लागले.