विषय: आजोबांच्या पत्राचा फोटो पुन्हा हवाय (आठवी ओळ लागत नाही)

ती. सुमनआत्यास,
सा. न.

चिन्मयने पाठवलेला फोटो रविवारी मिळाला. आजोबांचं मोडी अक्षर बघून पहिली दहा मिनिटं मी वाचलंच नाही, नुसती बघत बसले. मग वाचायला घेतलं आणि आठव्या ओळीला अडकले.

वरच्या सात ओळी लागल्या. 'नागपूर, आक्टोबर ५६', वर्ध्याच्या मोठ्या आजोबांना नमस्कार, घरची खुशाली, आणि 'सुमीचा गोवर उतरला'. म्हणजे तू! आठव्या ओळीत 'आफीस भोपाळास जाणार' स्वच्छ दिसतं. पुढे 'मी जाणेचे' आणि नेमकी तिथेच घडी फाटलीय. फाटलेल्या तुकड्यावर ओळ 'केले' पासून सुरू होते. मधे दोन-तीन अक्षरांचा एकच शब्द आहे. तो 'नक्की' असू शकतो, 'रद्द' पण असू शकतो.

आपण लहानपणापासून ऐकत आलो की १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूरची राजधानी गेली, तेव्हा आजोबांनी भोपाळला साफ नकार दिला आणि महालातच राहिले. पण तिथे 'नक्की' निघालं, तर आक्टोबरात ते जायला तयार होते असा अर्थ होतो. घरची गोष्ट माहीत आहे म्हणून मी 'रद्द' लिहून मोकळी होणार नाही. पत्रात जे असेल तेच उतरवीन.

अडचण तुझ्या मोबाइलची नाही, फोटो काढला त्या जागेची आहे. माजघरात रात्री ट्यूबलाइटखाली काढलाय ना? कुणीतरी कधीकाळी लावलेली ती पिवळी चिकटपट्टी बरोबर त्याच शब्दावर आहे आणि तिच्यावर पांढरा डाग चमकतोय. त्यात मोडीत शब्दांमधे जागा सोडत नाहीत, वरची रेघ सलग असते आणि लेखणी सहसा उचलत नाहीत. कुठला शब्द कुठे संपला हे वळणावरूनच ओळखावं लागतं. तेवढं वळणच पुसट आलंय. शिवाय व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो जेमतेम १८० केबीचा आहे. मोठा केला की अक्षरांऐवजी चौकोन दिसतात.

म्हणून पुन्हा एकदा त्रास देते. सकाळी नऊ-दहाला वाड्याच्या चौकात, तुळशीपाशी सावली असते तिथे पाट ठेव. गच्चीवर उन्हात नको, कागद पण तापेल आणि घड्यांच्या सावल्या पडतील. पत्राखाली काळा कागद घाल, म्हणजे मागच्या बाजूची शाई पुढे दिसायची नाही. फाटलेला तुकडा मूळ पत्राला टेकवून ठेव, पण एकावर एक चढवू नकोस. चिन्मयला म्हणावं, आधी लेन्स पुसून घे, फ्लॅश बंद कर आणि मोबाइल पत्राच्या अगदी वर आडवा धर, तिरका नको. झूम करू नये, जवळ जावं. हात हलत असेल तर दोन्हीकडे पुस्तकांची चळत लावून त्यावर मोबाइल टेकवावा आणि टायमर लावावा. आधी पूर्ण पत्र, मग फक्त सातवी ते नववी ओळ, असे दोन फोटो.

तिसरा फोटो थोडा गमतीचा आहे. संध्याकाळी खोलीत अंधार करून टॉर्च कागदाच्या डाव्या कडेला अगदी खाली, पाटाला टेकवून लावायचा. शाई उडाली असली तरी निबाने दाबलेली खाच राहिली असेल तर तिची सावली पडते. कदाचित तो शब्द तिथेच सापडेल.

चिकटपट्टी मात्र कुणी काढू नका, कोपरा सुटलेला असला तरी. तिच्यासोबत कागदाचा वरचा पापुद्रा येतो आणि शाई त्यावरच आहे. लॅमिनेशनचं तर नाव नको. कुरिअरने पाठवायचंही मनात आणू नकोस, मी दिवाळीत नागपूरला येणारच आहे. पण तोवर मला दम निघणार नाही.

फोटो याच मेलला जोडून पाठवायला सांग, आहे त्या साइजमधे. तिन्ही मिळून २५ एमबीच्या आत बसतील, नाही तर एकेका मेलने पाठवावेत. व्हॉट्सॲपवरच पाठवायचे झाले तर डॉक्युमेंट म्हणून, फोटो म्हणून नाही.

काकांना नमस्कार.

तुझी,
मंजिरी

ता. क. फाटलेल्या तुकड्याच्या मागच्या बाजूचाही एक फोटो हवा. पहिल्या फोटोत त्याच्या कडेला शाईचा ठिपका दिसतोय. तो मागून उमटलेला असेल तर ठीक, पण 'द्द'चं शेपूट असेल तर मला आज रात्री झोप लागायची नाही.