कुलूप लावल्याशिवाय हात आत नाही

(दृश्य: चाकणचा प्लांट, प्रेस शॉप. सुपरवायझर कॅमेऱ्याकडे बघून बोलतात.)

सुपरवायझर: नमस्कार मंडळी. प्रेसमध्ये पत्रा अडकला की तो ओढायला हात आपोआप पुढे जातो. तिथेच आवरा. स्टॉप बटण दाबल्यानं मशीन फक्त थांबतं, वीज चालूच असते.

(दृश्य: मेन स्विचवर लाल कुलूप.)

मेन स्विच बंद करा, त्याला स्वतःचं कुलूप लावा, नावाचा टॅग अडकवा. किल्ली तुमच्याच खिशात. दोघं काम करत असाल तर कुलपंही दोन.

आता नीट ऐका, इथेच माणसं चुकतात. वीज गेली तरी हवेच्या लाइनमध्ये प्रेशर उरतं. वर थांबलेला रॅम स्वतःच्या वजनानं खाली येऊ शकतो. म्हणून हवा सोडा, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावा, मग स्टार्ट दाबून बघा. काहीच हललं नाही, तरच हात आत.

नवीन कामगार: साहेब, कुलूपवाला घरी निघून गेला तर?

सुपरवायझर: कुलूप तोडायचं नाही, मला बोलवायचं. आणि प्रॉडक्शनसाठी कुणी घाई केली, तर बेधडक माझं नाव सांगा. ट्रेनिंग पूर्ण होईपर्यंत मात्र हे काम मेंटेनन्सवाल्यांनाच करू द्या.