मनूला पत्र

रेडिंग, रविवार, १५ मार्च २०२६
रात्रीचे साडेदहा

प्रिय मनू,

काल तू त्या दोन रेघांचा फोटो पाठवलास आणि खाली नुसतं "ताई????" एवढंच. मी बसमध्ये होते, जोरात "अय्या" ओरडले, शेजारच्या आजीबाई दचकल्या. मग फोनवर आपण दोघी नुसत्याच रडलो, कामाचं काहीच बोलणं झालं नाही, म्हणून आज इराला झोपवून हे लिहायला बसलेय. लांब होणार आहे, चहा घेऊन बस. चहा चालतो, दिवसाला दोन कप, घाबरू नकोस. कॉफी मात्र एकच मग, आणि ज्या दिवशी कॉफी त्या दिवशी चहा कमी.

आधी हिशोब सांगते कारण तू काल म्हणालीस "दोनच आठवडे झालेत ना". नाही गं, डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तुझी २ फेब्रुवारी, म्हणजे उद्या तुला ६ आठवडे पूर्ण. ४० आठवडे धरले तर तारीख येते ९ नोव्हेंबर, आणि यंदा लक्ष्मीपूजन ८ ला आहे! आईला कळलं की आत्तापासून नावं ठरवायला बसेल. तारीख पक्की मात्र पहिल्या सोनोग्राफीनंतरच समज, चार-पाच दिवस इकडेतिकडे होतात.

फॉलिक ॲसिड चालू केलंस का? नसेल तर उद्या सकाळी, अपॉइंटमेंटची वाट न बघता. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीपासून बनतो ती नळी साधारण याच आठवड्यात बंद होते, म्हणून ही एक गोळी उद्यावर टाकायची नाही. साधी ४०० मायक्रोग्रॅमची चालते, तुमच्याकडे डॉक्टर बऱ्याचदा ५ मिलिग्रॅमची देतात, जी देतील ती घे. आणि तुझी थायरॉईडची गोळी आहे ना, ती अजिबात बंद करू नकोस. स्वप्नीलच्या मावशी म्हणतील "या दिवसात गोळ्या नकोत बाई", तू मान डोलव आणि गोळी घे. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग मला थायरॉईड आहे, ते टीएसएच करून डोस बघतील, बऱ्याच जणींना वाढवावा लागतो. थायरॉईडच्या गोळीनंतर लगेच लोह-कॅल्शियम घ्यायचं नाही, निदान ४ तासांचं अंतर. लोहाच्या गोळ्या बहुतेक तिसरा महिना संपल्यावर देतील. त्या चहाबरोबर घेऊ नकोस. मी महिनाभर रोज सकाळी चहाच्या घोटाबरोबर घेतल्या आणि हिमोग्लोबिन तसूभर हललं नाही, मग नर्सने विचारलं कशाबरोबर घेतेस, आणि माझं तोंड बघण्यासारखं झालं. लिंबूपाण्याबरोबर घे.

ते रेटिनॉलचं सीरम, जे मीच तुला पाठवलं होतं, ते उचलून कपाटात ठेव. डोकं दुखलं तर पॅरासिटॅमॉल चालते, पण घरात पडलेली कॉम्बिफ्लाम नाही, त्यात आयब्युप्रोफेन असतं. कोणी काढा दिला, मुळी दिली, तर आधी डॉक्टरांना विचार.

आता सोनोग्राफी. पहिली ७ व्या आठवड्याच्या आसपास करतील, गर्भ पिशवीतच आहे ना आणि ठोके लागलेत का ते बघायला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते, इतक्या लवकर पोटावरून नीट दिसत नाही, त्यामुळे बऱ्याचदा आतून करतात. दुखत नाही, अवघडल्यासारखं होतं, बाळाला काही होत नाही. सैल सलवार घालून जा. आणि ठोके दिसले नाहीत, "आठ-दहा दिवसांनी परत या" म्हणाले, तर लगेच वाईटाकडे जाऊ नकोस, दिवस मोजण्यात थोडा फरक असला तरी तसं होतं. आधार कार्ड बरोबर ठेव, तिथे फॉर्म भरून घेतात. मुलगा की मुलगी हे विचारायचंही नाही आणि सांगायचंही नाही, १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे तुझ्या त्या चुलत सासूबाईंना आधीच ऐकवून ठेव. दुसरी महत्त्वाची एनटी स्कॅन, ती २० एप्रिल ते १० मे च्या मध्येच झाली पाहिजे, मागेपुढे चालत नाही. सुट्ट्यांमध्ये मिळत नाही अपॉइंटमेंट, आत्ताच नंबर लावून ठेव. मग जूनमध्ये मोठी, अवयव बघतात ती.

खाण्याचं. पुढचे तीन-चार आठवडे उलट्या-मळमळ सगळ्यात जास्त, तेव्हा "दोघांचं खा" वगैरे विसर, जे पोटात टिकेल ते खा. मला आठ आठवडे फोडणीचा वास सहन होत नव्हता, मी, जिला लसणाच्या चटणीशिवाय घास उतरत नाही ती! टोस्ट, दहीभात आणि चुरमुरे यांच्यावर जगले. उशाशी कोरड्या लाह्या नाहीतर राजगिऱ्याची वडी ठेव, उठायच्या आधी आडव्यानेच दोन घास खा, मग दहा मिनिटांनी पाय खाली टाक. पोट रिकामं राहिलं की जास्त मळमळतं. आईचं आलं-लिंबाचं पाचक बाटलीत भरून ऑफिसला ने. एवढ्यानं भागलं नाही तर सहन करत बसू नकोस, डॉक्टरकडे यावरच्या सुरक्षित गोळ्या असतात. आणि दिवसभर पाणीसुद्धा टिकलं नाही, लघवी गडद पिवळी व्हायला लागली, तर त्याच दिवशी जा, सलाईन लागतं कधीकधी.

द्राक्षं खा गं. ऐन मार्चात नाशिकमध्ये राहून द्राक्षं खायची नाहीत म्हणजे काय! फक्त फवारणी असते म्हणून पाण्यात भिजवून, नीट चोळून धू. (त्याच द्राक्षांची वाईन मात्र एक घोटसुद्धा नाही, स्वप्नीलच्या मित्रांचं "थोडी चालते" ऐकू नकोस.) कच्ची पपई नको, पिकलेली थोडी खाल्लीस तर आभाळ कोसळत नाही, पण सासूबाईंशी पपईवरून वाद घालण्यात अर्थ नाही, चिकू खा. मिसळ घरची खा, कमी तर्रीची. पाणीपुरी, उसाचा रस, बर्फाचा गोळा नाही, त्यात प्रश्न पाण्याचा आहे. दूध उकळूनच, अंडं पूर्ण शिजवून. आईकडच्या मांजरीला लाडानं हात लाव, पण तिची घाण तू काढायची नाहीस आणि कुंड्यांची माती उकरलीस तर हातमोजे घालून.

गाडी. धक्क्याने बाळ पडतं असं सगळे म्हणतील, तसं नसतं, पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ राहत नाहीत ते बहुतेक मुळातच नीट घडलेले नसतात, बाईच्या हातून काही चुकलेलं नसतं. हे वाक्य लक्षात ठेव, काही झालं तरी आणि नाही झालं तरी. पण पाथर्डी फाट्यावरून सातपूरला तू रोज ॲक्टिव्हावर, त्यात कुंभमेळ्याच्या कामांनी रस्ते उकरलेले, चक्कर आली आणि गाडीवरून पडलीस तर? निदान मळमळ आहे तोवर स्वप्नीलला सोडायला सांग नाहीतर कंपनीच्या बसने जा. ऑफिसमध्ये एचआरला आत्ताच सांगायची गरज नाही, पण कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातली ८ आठवडे तारखेच्या आधी घेता येते, तेवढं डोक्यात ठेव.

आता जे लिहायला खरं बसले ते. काल फोन ठेवताना तू म्हणालीस "आईला तीन महिने झाल्याशिवाय सांगायचं नाही, दृष्ट लागते म्हणतात". मनू, मी तेच केलं होतं २०२२ मध्ये. इथे पहिली स्कॅन १२ व्या आठवड्याच्या सुमारास, तोपर्यंत डॉक्टर दिसतसुद्धा नाही, एका मिडवाईफची भेट आणि हातात कागद. ७ व्या आठवड्यात मला डाग दिसला. तुझे जिजू कामासाठी मँचेस्टरला. रात्री मी फोन लावला, पलीकडची बाई शांतपणे म्हणाली पॅड मोजत राहा, जास्त वाटलं तर या. स्कॅनचा नंबर लागला तिसऱ्या दिवशी. ते तीन दिवस मी बाथरूमच्या जमिनीवर बसून होते, हातात फोन, आईचा नंबर उघडलेला, आणि दाबत नव्हते, कारण "अजून तीन महिने झाले नाहीत". ठोके होते, सगळं ठीक निघालं. १३ व्या आठवड्यात आईला सांगितलं तेव्हा ती खूप हसली आणि मग एकदम गप्प झाली, म्हणाली, "एकटीनं काढलंस होय? मी काय परकी होते?" ते माझ्या अजून जिव्हारी आहे.

तुझ्याकडे तर आई पंचवटीत आहे, रिक्षाने अर्धा तास. तू गुरुवारी पाडव्याला जाणारच आहेस तिथे. गुढी उतरायच्या आधी तिला स्वयंपाकघरात ने आणि सांग. गल्लीला सांगू नकोस, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, पण आईला सांग. कडुलिंबाच्या प्रसादाचं ती स्वतःच बघून घेईल मग.

आणि डाग दिसला तर. थोडासा, तपकिरी, बऱ्याच जणींना दिसतो, तरी डॉक्टरांना फोन कर. लाल रक्त जास्त जायला लागलं, पोटात एकाच बाजूला जोरात कळ आली, खांदा दुखायला लागला किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर फोनवर विचारत बसू नकोस, स्वप्नीलला उठव आणि निघ, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ताप १०० च्या वर गेला तरी दाखव. म्हणून डॉक्टर निवडताना मोठं नाव बघू नकोस, रात्री फोन कोण उचलतं ते विचार, आणि घरापासून किती लांब ते. कॉलेज रोडला भारी वाटतं, पण तुझ्या घरापासून तिथे पोचायला संध्याकाळी किती वेळ लागतो ते तूच सांग. तुझा रक्तगट बी निगेटिव्ह आहे हे पहिल्या भेटीतच सांग, स्वप्नीलचाही तपासतील, त्यावरून एक इंजेक्शन लागतं पुढे. डाग दिसला तर तेव्हाही डॉक्टरांना रक्तगटाची आठवण करून दे.

आज इथे मदर्स डे असतो, मार्चमध्ये, माहितीये? इराने नर्सरीतून कार्ड आणलं, त्यावर एक मोठा गोल आणि त्याला चार काड्या. मी म्हटलं ही मम्मा का? तर म्हणे "नाही, हे बटाटा". ते कार्ड फ्रिजवर लावलंय. तिला अजून मावशीचं सांगितलं नाही, तू सांगशील फोनवर.

पाडव्याला आईकडून व्हिडिओ कॉल कर. २९ मार्चला इथली घड्याळं पुढे जातील, मग साडेपाचऐवजी साडेचार तासांचा फरक, पण तुला मध्यरात्री भीती वाटली तर तेव्हा माझी संध्याकाळच असते, सरळ लाव. जिजू मे मध्ये येतायत, काय पाठवू ते सांग. रेटिनॉल सोडून.

तुझी,
ताई

ता. क. बद्धकोष्ठ होणार, सगळ्यांना होतं, कोणी बोलत नाही. इसबगोल आणून ठेव, पाणी भरपूर पी.