लोणार प्रकल्प: माइंड मॅपवरून निबंधाचा आराखडा

राणी,

तुझ्या माइंड मॅपचा फोटो मिळाला. मध्यभागी लोणारचं वर्तुळ, त्यातून निघालेल्या आठ फांद्या, तिरकी अक्षरं, सगळं मोठं करून नीट वाचलं. उजव्या खालच्या कोपऱ्यावर तुझ्या हाताची सावली पडली आहे. तिथला शब्द मी ‘कमळजा’ असा लावला, कारण शेजारी देवळाचं चित्र दिसतंय. वेगळं काही असेल तर आराखड्यात तेवढं बदल.

तू काढलेल्या फांद्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे अशा: आकार आणि मोजमाप, ज्वालामुखी (याभोवती दोन वर्तुळं), लवणासुराची कथा, खारं पाणी, गोडे झरे, गुलाबी तळं, देवळं, रामसर. कडेला पेन्सिलने दोन आकडे: ५२,००० वर्षे आणि ५,७०,००० वर्षे. ‘खारं पाणी’ आणि ‘गोडे झरे’ यांना जोडणारा एक बाणही आहे. सगळ्या कागदावर मला तो बाण सर्वांत जास्त आवडला. निबंधाचा मधला भाग मी त्याच्यावरच उभा केला आहे.

कागदावर सगळ्या फांद्या सारख्याच महत्त्वाच्या दिसतात. निबंध वाचणाऱ्याला मात्र आधी काय कळलं म्हणजे पुढचं समजेल, ते पाहावं लागतं. म्हणून क्रम या एका प्रश्नावर लावला आहे: हा खड्डा कशाने पडला, आणि त्यामुळे तिथलं पाणी असं का झालं? शाळेची मर्यादा ६०० शब्दांची आहे, म्हणून प्रत्येक परिच्छेदापुढे अंदाजे शब्द दिले आहेत.

शीर्षक: आघातातून जन्मलेलं तळं

परिच्छेद १. काठावरून दिसणारं तळं (७० शब्द)
‘आकार आणि मोजमाप’ या फांदीतून.
बुलढाणा जिल्हा, लोणार गाव. जवळजवळ गोल विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. उतारावर झाडी, तळाशी पाणी. दिवाळीच्या सुट्टीत तू काठावर उभी राहिलीस तेव्हा काय दिसलं, ते दोन वाक्यांत इथेच लिही. बाकीचे आकडे नकोत.
शेवटचं वाक्य प्रश्नाचं: एवढा गोल खड्डा इथे आला कुठून?

परिच्छेद २. लोकांनी दिलेलं उत्तर (७० शब्द)
‘लवणासुराची कथा’ आणि ‘देवळं’ या फांद्या एकत्र.
लवणासुर जमिनीखाली दडून राहायचा, विष्णूने त्याला बाहेर काढून मारलं. गावातलं दैत्यसूदन मंदिर याच कथेशी बांधलेलं आहे. कमळजा देवीचं देऊळ पाण्याच्या काठाला आहे, त्याला एकच वाक्य दे. कथा पहिल्या प्रश्नाचं सर्वांत जुनं उत्तर आहे, म्हणून ती विज्ञानाच्या आधी येते. तिची थट्टा करू नकोस आणि तिला पुरावा म्हणूनही वापरू नकोस.

परिच्छेद ३. ज्वालामुखी की उल्का? (१५० शब्द)
‘ज्वालामुखी’ या फांदीतून. हा निबंधाचा कणा, इथे हात आखडू नकोस.
तुझ्या नकाशात ‘ज्वालामुखी’ निष्कर्षासारखा लिहिलाय. निबंधात तो जुना अंदाज म्हणून येईल, आणि त्या जागी तो चांगला शोभतो. मुद्दे या क्रमाने:
(अ) लोणारची जमीन बेसॉल्टची, म्हणजे दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हाच्या खडकाची. त्यामुळे खड्डाही ज्वालामुखीचा असणार, असं बरेच दिवस वाटणं स्वाभाविक होतं.
(आ) पुढे खडकात मॅस्केलिनाइट सापडलं. प्रचंड दाबाच्या धक्क्याने खडकातल्या एका खनिजाची काच बनते, तिला हे नाव आहे. ज्वालामुखीत एवढा दाब तयार होत नाही.
(इ) म्हणून निष्कर्ष उल्कापाताचा. बेसॉल्टमध्ये पडलेली आणि इतकी नीट टिकलेली विवरं पृथ्वीवर फार थोडी आहेत.

परिच्छेद ४. वय किती? (६० शब्द)
पेन्सिलचे दोन आकडे इथे. त्यातला एक खोडायची गरज नाही. ५२,००० च्या आसपासचं वय खडकाच्या ऊष्मादीप्तीवरून, म्हणजे तो तापवल्यावर निघणाऱ्या प्रकाशावरून काढलं होतं, तर २०१० मधल्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने ते सुमारे ५,७०,००० वर्षे निघालं. पद्धत बदलली, उत्तर दहापटीहून जास्त बदललं. दोन्ही आकडे पद्धतीच्या नावासकट लिही, म्हणजे वाचणाऱ्याला ती चूक वाटणार नाही.

परिच्छेद ५. गोडं पाणी आत, खारं पाणी तळात (११० शब्द)
तुझा बाण इथे.
विवराच्या कडेला गोड्या पाण्याचे झरे आहेत. त्यातल्या ‘धार’ नावाच्या झऱ्याचं पाणी लोक पितात. ते उतरून तळ्यात जातं, पण तळ्यातून बाहेर वाहणारा एकही ओढा नाही. पाणी फक्त बाष्प होऊन जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणून पाणी खारं आणि अल्कधर्मी, पीएच १० च्या आसपास.
याच परिच्छेदात एक ऐतिहासिक वाक्य बसतं: अबुल फजलच्या आइने-अकबरीत या भागातून काच आणि साबणासाठी लागणारा माल मिळतो, अशी नोंद आहे. तो माल म्हणजे हेच क्षार. नकाशात हे नव्हतं, पण तुझ्या बाणाचं पुढचं टोक तिथेच जातं, म्हणून घातलं.

परिच्छेद ६. तळं गुलाबी झालं तेव्हा (८० शब्द)
ही तुझी सर्वांत रंगवलेली फांदी, आणि मी ती जवळजवळ शेवटी ठेवली. याचं तुला वाईट वाटेल, पण कारण ऐक. पाणी खारं का, हे कळल्याशिवाय रंगाचं कारण कळत नाही.
जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या गुलाबी रंगद्रव्याने तो रंग आला होता. पाणी आटून क्षारांचं प्रमाण वाढलं की हे सूक्ष्मजीव फोफावतात. काही दिवसांनी रंग ओसरला.
‘चमत्कार’ हा शब्द तू बाजूला लिहिलायस, तो इथे काढ.

परिच्छेद ७. आता काय धोक्यात आहे (६० शब्द)
‘रामसर’ ही फांदी. नोव्हेंबर २०२० मध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, नांदूर मध्यमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. नुसता मान मिळाला म्हणून थांबू नकोस. गावाचं सांडपाणी किंवा जास्तीचं गोडं पाणी तळ्यात गेलं तर क्षारांचं प्रमाण बदलेल, आणि परिच्छेद ५ मधला सगळा समतोल ढळेल. निबंध याच वाक्यावर संपव. ‘चला आपण सगळे मिळून’ असली ओळ जोडू नकोस.

सांधे: दुसरा परिच्छेद तिसऱ्याशी ‘पण खडक काय सांगतो?’ या वाक्याने जोड. चौथा आणि पाचवा यांच्यात मोठी उडी आहे, तिथे ‘वय काहीही असो, खड्डा पडल्यावर त्यात पाणी साठू लागलं’ असं वाक्य पुरेल. बाकी सांधे आपोआप बसतात.

मोर, माकडं आणि खोलीचे आकडे मी निबंधाबाहेर ठेवले. ते तक्त्यावर चित्रासोबत छान दिसतील. पहिल्या मसुद्यात आधी ३ आणि ५ लिही, मग १. मसुदा रविवारपर्यंत पाठवलास तर मी संध्याकाळी वाचेन.

तुझी आत्या