सूचना : टीव्ही खोलीची वेळ, आवाज आणि चॅनेलची निवड

सर्व निवासी विद्यार्थ्यांसाठी

तळमजल्यावरच्या टीव्ही खोलीसाठी खालील नियम येत्या सोमवारपासून लागू होतील. या आधीच्या तोंडी सवलती त्या दिवसापासून बंद.

वेळ

सोमवार ते शुक्रवार सकाळी ७ ते ८.३० आणि संध्याकाळी ६ ते १०.३०. शनिवारी, रविवारी व सुट्टीच्या दिवशी सकाळी ९ ते रात्री ११. दुपारी २ ते ४ खोली झाडलोटीसाठी बंद राहील. परीक्षेच्या काळात, म्हणजे पहिल्या पेपरच्या तीन दिवस आधीपासून शेवटच्या पेपरपर्यंत, फक्त रात्री ८.३० ते ९.३०. ज्यांची परीक्षा नाही त्यांनाही हेच लागू.

सामन्यांचा प्रश्न दरवेळी येतो, म्हणून आधीच सांगतो. साडेसातला सुरू झालेला टी-ट्वेंटी सामना संपायला अकरा वाजतात, आणि बाद फेरीतला फुटबॉल सामना बरोबरीत राहिला तर आणखी अर्धा तास आणि वर पेनल्टी. ऐन रंगात आलेला सामना घड्याळ बघून बंद करणं मलाही आवडत नाही. त्यामुळे आठवड्यातून एका सामन्यासाठी रात्री १२ पर्यंत खोली उघडी ठेवता येईल. आदल्या दिवशी माझी सही घ्यावी लागेल. परीक्षेच्या काळात ही सवलत नाही.

आवाज

गेल्या गुरुवारी रात्री सव्वाअकराला मी ७ नंबरच्या खोलीत गेलो होतो. सकाळी पेपर असलेला मुलगा कानात कापसाचे बोळे घालून, कॉट भिंतीपासून ओढून, वही मांडीवर घेऊन बसला होता. पलीकडून समालोचकाचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी भिंतीला तळहात लावला तर ती थरथरत होती. त्याने माझ्याकडे तक्रार केली नव्हती, मी सहज चक्कर मारत होतो. हे मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी रखवालदारांना सोबत घेऊन मी आवाज तपासला. दार-खिडक्या लावून, पंखा चालू ठेवून, पडद्यावर आवाजाचा आकडा १८ असताना शेवटच्या रांगेत बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि ७ नंबरमध्ये काही येत नाही. म्हणून रात्री ९.३० पर्यंत जास्तीत जास्त १८, त्यानंतर १०. बाहेरचा स्पीकर किंवा वूफर जोडायचा नाही. खर्जातला आवाज भिंतीतून सर्वांत लांब जातो, आकडा कमी ठेवला तरी. टीव्ही चालू असताना दार लावलेलं असावं. विकेट पडली, गोल झाला की ओरडा होणारच, पण साडेनऊनंतर बाकं बडवणं आणि शिट्ट्या बंद.

कार्यक्रमाला सबटायटल्स असतील तर ती चालू ठेवावीत. आपल्यातल्या एका विद्यार्थ्याला कमी ऐकू येतं आणि तो आजवर पडद्याला चिकटून बसत आला आहे. समोरच्या रांगेतली डावीकडची खुर्ची त्याच्यासाठी मोकळी ठेवा.

चॅनेल कोणी ठरवायचा

आजपर्यंत हात वर करून ठरत होतं. ऐकायला ते रास्त वाटतं, पण वसतिगृहात आपण ९६ जण आहोत आणि रोज येणारे वीस-बावीस. तेच वीसजण रोज जिंकतात. बाकीचे दारातून डोकावतात, काय चालू आहे ते बघतात आणि परत जिना चढतात. टीव्ही त्यांचाही आहे.

यापुढे रखवालदारांच्या टेबलावर एक वही असेल. हवा तो तास आदल्या दिवशी रात्री ९ पर्यंत नाव, खोली क्रमांक आणि कार्यक्रम लिहून राखून ठेवायचा. एकाला आठवड्यात दोन तास. सामन्यासाठी अनेकांनी मिळून आपापले तास एकत्र केले तरी चालेल. एकाच तासासाठी दोन नावं आली तर त्या आठवड्यात ज्याला वेळ मिळालेली नाही त्याला प्राधान्य. दोघंही सारखेच असतील तर चिठ्ठी. मित्राच्या नावाने वेळ घेऊन ठेवू नका, वही मी रोज पाहतो.

राखलेला तास बहुमताने काढून घेता येणार नाही, अंतिम सामना असला तरी. अदलाबदल हवी असेल तर त्या मुलाला चारचौघांत विचारू नका, तिथे त्याला नाही म्हणता येत नाही. माझ्याकडे या, मी त्याला एकट्याला विचारीन. तो नाही म्हणाला तर विषय संपला.

ज्या तासाला कोणाचं नाव नाही तिथे हात वर करून ठरवा, आणि लागलेला कार्यक्रम संपेपर्यंत बदलू नका. जाहिरातींच्या वेळी दुसरीकडे डोकवायचं असेल तर ज्याचा तास आहे त्याला विचारून.

रिमोट रखवालदारांकडून सही करून घ्यायचा आणि तिथेच परत द्यायचा, सेलसकट.

नियम मोडल्यास पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा त्या विद्यार्थ्याला पंधरा दिवस वहीत नाव लिहिता येणार नाही. संपूर्ण खोली बंद करण्याची शिक्षा मी देणार नाही, एकाच्या चुकीसाठी इतरांनी का भोगावं?

ही व्यवस्था महिनाभर चालवून बघू. काही अडत असेल तर रोज संध्याकाळी ५ ते ६ मी कार्यालयात असतो; समोर बोलायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठी दाराखालून सरकवा.

गृहपाल