केळ एकदा निसवे: कविता आणि वर्गासाठी तिचं वाचन

तुझ्या हसण्यानं खुले
कपाशीचं शेत सारं,
तुझ्या पावलानं येतं
तापीकडलं गं वारं.

तुझी उंची, तुझा डौल
निसवल्या केळीवाणी,
तुला पाहून थबकं
पाटामधलं गं पाणी.

पण बोंड फुटलं की
वेचायाला किती दिस?
एक अवकाळी सर,
काळा पडतो कापूस.

जेठ महिना लागला
की वाऱ्याची होते आग,
तापीच्याही पात्रामध्ये
उरे वाळूचाच माग.

केळ एकदा निसवे,
घड गेला बाजाराला,
कुणी मागे बघेना गं,
मग कोयता खांबाला.

आज आखाजीचा झोका
लिंबाखाली बांधलेला,
उद्या दोर सोडतील,
सण जाईल गावाला.

नको म्हणू 'पाहू मग',
'मग' सूर्यासंगे जाई;
चल, झोका उंच घेऊ,
दिसो सारी आमराई.

मुलांनो, 'कार्पे डिएम' ही लॅटिन कल्पना शिकताना आपण रोमन कवी होरेस वाचला. इसवी सनापूर्वी २३ च्या सुमारास आलेल्या त्याच्या ओडमध्ये तो ल्युकोनोईला सांगतो की ज्योतिषाला विचारत बसू नकोस, आजचा दिवस तोडून घे. मग इंग्रज कवी मार्व्हेल वाचला. प्रेयसीला मनवणारी त्याची 'टू हिज कॉय मिस्ट्रेस' ही कविता त्याच्या मृत्यूनंतर, १६८१ मध्ये छापली गेली, आणि ती 'वेळ असता तर', 'पण', 'म्हणून' अशा तीन पायऱ्यांनी चढते. परीक्षेत तुम्ही त्या तीन पायऱ्या बरोबर लिहाल. पण बोलणारा नेमका कुठे आपल्याला वळवतो, हे आपल्या शिवारातल्या प्रतिमांमध्ये जास्त लवकर दिसतं. म्हणून ही अष्टाक्षरी लिहून आणली आहे.

पहिली दोन कडवी पुन्हा वाचा. वरवर निव्वळ कौतुक आहे: कपाशी, वारा, निसवलेली म्हणजे घड बाहेर पडलेली केळ. आता पुढची तीन कडवी वाचा. तीच कपाशी काळी पडते, तोच वारा भाजतो, तीच केळ कोयत्याखाली जाते, आणि तेही त्याच क्रमानं. म्हणजे धमकी बाहेरून आणलेली नाही, ती स्तुतीतच पेरून ठेवली होती. मुलीनं 'मी केळीसारखी' हे हसून ऐकून घेतलं, की 'केळ एकदाच निसवते' हे तिला नाकारता येत नाही. माझ्या मते मनवण्याची सगळी ताकद या सांध्यात आहे. नुसती स्तुती असती तर ती लाजून घरात गेली असती. नुसती भीती असती तर चिडून.

त्यानं तिला एकदाही 'तू म्हातारी होशील' म्हटलेलं नाही, हेही बघा. म्हातारपण केळीला येतं, नदीला येतं. तिनं ते स्वतःला लावून घ्यायचं, आणि माणसाला स्वतः काढलेला निष्कर्ष दुसऱ्याच्या बोलण्यापेक्षा खरा वाटतो.

घाई कशी येते? एकतर ओळी आखूड आहेत, आठ अक्षरांत श्वास संपतो. शिवाय काळ आकसत जातो: आधी कपाशीचा हंगाम, मग महिना, मग सण, 'आज' आणि 'उद्या', शेवटी मावळता सूर्य. कापूस फुटतो दिवाळीच्या आसपास, आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते वैशाखात. हे महिने एकत्र नांदत नाहीत, तरी बोलणारा सगळं वर्ष एका संध्याकाळीत कोंबतो. आखाजीला माहेरी आलेल्या पोरी गौराईची गाणी म्हणत झोके घेतात. त्या झोक्याचा दोर उद्याच सुटेल असं कुठे ठरलेलं असतं? तो 'उद्या' त्यानं आणलेला आहे. आणि इतक्या मोठ्या भीतीनंतर मागतो काय, तर एक झोका. मागणं लहान ठेवलं की नकार देणारी उगाच हट्टी दिसते. हे मला या कवितेतलं सगळ्यांत धूर्त वाटतं.

आता त्यानं लपवलेलं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरी केळी आहेत, रावेर-यावलकडच्यांना तर विचारायलाच नको. घड उतरल्यावर खांब कापतात हे खरं. पण बुंध्याशी पील राखलेली असते, तिच्यावर पिलबाग धरतात, पुन्हा घड येतो. केळीला पुढचा हंगाम असतो. ते बोलणाऱ्यालाही माहीत आहे, कारण तोही याच गावचा. ज्या अर्ध्या गोष्टीनं भीती वाटते तेवढीच त्यानं सांगितली. जाहिरात, भाषण, लग्नाची बोलणी, सगळीकडे हीच अर्धी गोष्ट शोधायची सवय लावा.

आणि या सगळ्यात ती एक शब्द बोललेली नाही. तिचा नकारसुद्धा, 'पाहू मग', आपल्याला त्याच्याच तोंडून कळतो. या प्रकारच्या बऱ्याच कवितांत असंच होतं, आणि मला ते खटकतं.

म्हणून गुरुवारच्या तासाला प्रत्येकानं तिचं उत्तर लिहून आणा, चार कडवी, अष्टाक्षरी. तिनं झोका घ्यावा की घेऊ नये हे तुम्ही ठरवा, पण पिलबागेचा उल्लेख आलाच पाहिजे. अहिराणीत लिहिलंत तरी चालेल.