विषय: बीजीव्ही केस क्र. ४८१७ – दोन तपासण्या अडकल्या आहेत, १ डिसेंबरच्या जॉइनिंगबाबत मंगळवारपर्यंत निर्णय हवा

गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५

नमस्कार मॅडम,

बीजीव्ही पूर्ण होईपर्यंत १ डिसेंबर ही जॉइनिंगची तारीख तात्पुरती समजावी, असा आपला मेल सोमवारी आला. त्यानंतर मी एजन्सीच्या पोर्टलवरचं स्टेटस पाहिलं आणि त्यांच्या हेल्पडेस्कशी दोनदा बोलले. केस नेमकी कुठे अडली आहे ते आता कळलं आहे. ती सोडवण्याचे अधिकार एजन्सीला नाहीत, ते आपल्याकडे आहेत, म्हणून थेट आपल्याला लिहिते आहे.

फॉर्म आणि कागदपत्रं मी २७ ऑक्टोबरला अपलोड केली. त्याला आज १८ कामाचे दिवस झाले. ओळखपत्र, पत्ता, शिक्षण आणि पोलीस-कोर्ट रेकॉर्ड या चारही तपासण्या ग्रीन आहेत. राहिल्या आहेत त्या दोन नोकऱ्यांच्या.

आधीची नोकरी (२०१९ ते २०२२): पोर्टलवर 'अनेबल टू व्हेरिफाय' दिसतं. ती कंपनी २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि जुना ईमेल डोमेन बंद झाला. एजन्सीने तीन वेळा त्याच पत्त्यावर मेल पाठवले, तिन्ही परत आले. विलीनीकरणानंतरच्या एचआर विभागाचा चालू ईमेल मी १८ तारखेला हेल्पडेस्कला दिला. पण उमेदवाराने दिलेला संपर्क क्लायंटच्या मंजुरीशिवाय वापरता येत नाही, असं उत्तर मिळालं. नियम रास्तच आहे, नाहीतर कोणीही मित्राचा पत्ता देईल. म्हणून तो ईमेल आपण स्वतः त्या कंपनीच्या वेबसाइटवर तपासून एजन्सीला मंजुरी कळवावी.

याच नोंदीत माझी एक चूक आहे. फॉर्ममध्ये शेवटचा दिवस मी ३० जून २०२२ लिहिला, रिलीव्हिंग लेटरवर १५ जून आहे. १५ जून हीच तारीख बरोबर आहे. तिकडून उत्तर आलं तरी या फरकामुळे रिपोर्टमध्ये 'डिस्क्रिपन्सी' लागेल आणि पुन्हा खुलाशाची फेरी सुरू होईल. फॉर्म सबमिट झाल्यामुळे मला तो दुरुस्त करता येत नाही. कृपया हा रकाना एजन्सीकडून उघडून घ्यावा. सहीचा खुलासा सोबत जोडला आहे.

सध्याची नोकरी: इथे 'इन्सफिशियन्सी – रिलीव्हिंग लेटर' असा शेरा आहे. माझा शेवटचा दिवस २८ नोव्हेंबर आहे आणि सध्याची कंपनी हे पत्र त्यानंतर सात कामाच्या दिवसांनी देते. म्हणजे मागितलेला कागद १ डिसेंबरपर्यंत अस्तित्वातच येणार नाही. कितीही रिमाइंडर गेले तरी हा शेरा तसाच राहील. संपर्काची परवानगी मी दिली आहे, पण एक्झिट पूर्ण झाल्याशिवाय इथला एचआर पडताळणीच्या मेलला उत्तर देत नाही.

त्यामुळे विनंती अशी, की सध्याच्या नोकरीची तपासणी जॉइनिंगनंतर पूर्ण करण्याची सूट द्यावी आणि तोवर राजीनामा स्वीकारल्याचा मेल व शेवटच्या तीन महिन्यांच्या पगार स्लिपा ग्राह्य धराव्यात. रिलीव्हिंग लेटर १० डिसेंबरपर्यंत देण्याचं लेखी हमीपत्र जोडलं आहे. आधीच्या नोकरीचं उत्तर मंगळवारपर्यंत आलं नाही, तर पीएफ खात्यातली सर्व्हिस हिस्टरी, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि रिलीव्हिंग लेटर हे पर्यायी पुरावे म्हणून चालतील का, तेही कळवावं.

हा निर्णय मंगळवार, २५ नोव्हेंबरला संध्याकाळपर्यंत मिळाला तर बरं होईल. सध्याच्या कंपनीत शेवटचा दिवस पुढे ढकलायचा असेल, तर तशी विनंती बुधवारपर्यंतच करता येते. ती वेळ गेली, तर २८ नंतर माझ्याकडे जुनी नोकरी नसेल आणि नव्या नोकरीची तारीखही नसेल.

सूट देणं शक्य नसेल, तर नवी तारीख मेलवर निश्चित करून द्यावी. ऑफर लेटरची मुदतही १ डिसेंबरलाच संपते, त्यामुळे सोबत सुधारित ऑफर लेटर लागेल. फोनवर तोंडी सांगितलेल्या तारखेवर मला इथली मुदत वाढवून मागता येणार नाही.

उद्या सकाळी ११ ते १ मध्ये मी फोनवर आहे. एजन्सीच्या प्रतिनिधीला त्याच कॉलवर घेता आलं, तर संपर्काची मंजुरी आणि तारखेची दुरुस्ती दहा मिनिटांत होईल.

सोबत: तारखेचा खुलासा, आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर, पीएफ सर्व्हिस हिस्टरी, बँक स्टेटमेंट (एप्रिल ते जून २०२२), राजीनामा स्वीकृतीचा मेल, तीन पगार स्लिपा, हमीपत्र.

आपली,
स्नेहल